रात्री प्रेशर चढतं आणि खालच्या मजल्यांवर होज फुटतात: पीआरव्ही कसा तपासायचा, कसा सेट करायचा

उंच बिल्डिंगच्या मेंटेनन्समध्ये ही एकच तक्रार मी इतक्या वेळा निस्तरली आहे की आता फोनवर दोन वाक्यं ऐकली तरी पहिला प्रश्न "रात्री होतं की दिवसा?" हाच विचारतो. बहुतेक वेळा उत्तर रात्रीच असतं. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

आधी लक्षणं बघा, यातली दोन-तीन जुळली तर पुढचं वाचा.

खालच्या मजल्यांवर जेट स्प्रेची होज किंवा बेसिनखालचा कनेक्शन पाईप फुटतो, तोही पहाटे सगळे झोपेत असताना. फ्लश टँकचा फ्लोट पाणी पूर्ण बंद करत नाही आणि रात्रभर बारीक धार चालू राहते, पण सकाळी प्लंबर येतो तेव्हा तोच फ्लोट अगदी व्यवस्थित बंद होतो. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून रात्री थेंब पडतात. पहाटे पहिला नळ उघडला की पाणी एकदम जोरात उसळतं आणि दोन सेकंदांत नॉर्मल होतं (ही खूण फार महत्त्वाची, लक्षात ठेवा). नळ झटक्यात बंद केला की पाईप ठक्क करून वाजतो. वॉशर महिन्या-दोन महिन्यांत जातात. आणि कधीकधी याच्या उलट तक्रार त्याच भागातल्या वरच्या मजल्याची असते, सकाळी गर्दीच्या वेळी पाणी बारीक येतं.

तपासणीकडे जायच्या आधी पीआरव्ही म्हणजे प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह तिथे लावलाय कशाला हे पक्कं करू, कारण ते कळलं नाही तर सगळी तपासणी उलटी होते.

पाण्याचा उभा स्तंभ दर १० मीटरला साधारण १ बार प्रेशर देतो, पाईप जाड असो की बारीक, त्याने फरक पडत नाही, फक्त उंची मोजायची. ज्या बिल्डिंगचं उदाहरण मी शेवटपर्यंत घेणार आहे ती तळमजला आणि वर २१ मजले अशी आहे, मजला ३ मीटरचा. म्हणजे गच्ची ६६ मीटरवर आणि टाकीतली पाण्याची पातळी जमिनीपासून ७० मीटर धरा. तळमजल्याचा नळ १ मीटरवर आहे, तर तिथे मध्ये काहीच नसताना ६.९ बार प्रेशर येणार. घरातल्या नळांना, फ्लोटला, होजला १.५ ते ३ बार असलं की छान चालतं, ५ च्या पुढे रोजचं प्रेशर नको. म्हणून बिल्डिंगचे उभे भाग पाडतात आणि खालच्या भागांच्या तोंडाशी पीआरव्ही बसवतात. आमच्या उदाहरणात तळमजला ते सातवा मजला हा सर्वात खालचा भाग आणि त्याचा पीआरव्ही सातव्या मजल्याच्या शाफ्टमध्ये, जमिनीपासून २२ मीटरवर. तिथे येणारं प्रेशर ७० वजा २२, म्हणजे ४८ मीटरचं, ४.८ बार.

आता हमखास कोणीतरी म्हणतं की मग साधा गेट व्हॉल्व्ह अर्धा बंद करून ठेवला तर? नाही चालणार. अर्धा बंद व्हॉल्व्ह पाणी वाहत असतानाच प्रेशर खातो. सगळे नळ बंद झाले, पाणी थांबलं, की थोड्याच वेळात त्याच्या दोन्ही बाजूंचं प्रेशर सारखं होतं, फट कितीही बारीक असू दे. पीआरव्हीचं वेगळेपण इथेच आहे: आत एक स्प्रिंग असते जी व्हॉल्व्ह उघडायला बघते आणि खालच्या बाजूचं पाणी डायाफ्रामला ढकलून तो बंद करायला बघतं. खालचं प्रेशर सेटिंगला पोचलं की डिस्क सीटवर घट्ट बसते आणि पाणी पूर्ण थांबतं. म्हणजे त्याचं खरं काम कोणीच पाणी वापरत नसतं तेव्हा असतं, आणि तो बिघडलाय हेही तेव्हाच कळतं.

म्हणूनच सकाळी अकराला येऊन गेजवर १.६ बघून "व्हॉल्व्ह ओके आहे" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. सीटमध्ये वाळूचा एक कण अडकला आणि सुतासारखी धार पलीकडे जात असली तरी दिवसा आठ मजल्यांचा वापर त्या धारेपेक्षा किती तरी जास्त असतो, त्यामुळे काटा जागेवर दिसतो. रात्री वापर थांबतो आणि तीच धार हळूहळू खालची लाईन भरत जाते. मी एकदा या शाफ्टसमोर टॉर्च धरून बसलो होतो, साडेअकराला काटा १.६ वर, साडेबाराला २.४, आणि दोनच्या सुमाराला ४.६ च्या आसपास जाऊन थांबला. टाकी थोडी उतरलेली होती म्हणून ४.८ नाही, ४.६. तेव्हा दुसऱ्या मजल्यावर ६.१ बार होतं, तिथे ७ मीटरवर नळ आहेत. त्याच फ्लॅटची होज आठ महिन्यांत तीनदा फुटली होती आणि तिन्ही वेळा दोष होजला दिला गेला होता.

आता तपासणी. सोप्यापासून अवघडाकडे जातोय, मधली पायरी गाळू नका, कारण पहिल्या तीन पायऱ्यांत बऱ्याचदा काम होऊन जातं आणि व्हॉल्व्ह उघडायची गरजच पडत नाही.

एक: कितीजणांना त्रास आहे ते विचारा. फुकटचं काम आहे पण सगळे हेच विसरतात. एकाच फ्लॅटची तक्रार असेल तर आधी त्या फ्लॅटमध्येच बघा, फ्लोट खराब असेल किंवा होज जुनी असेल. त्याच उभ्या लाईनवरच्या तीन-चार मजल्यांवर एकदमच सुरू झालं असेल तर दोष शाफ्टमध्ये आहे. आणखी एक विचारा, हे नेमकं कधीपासून? टाकी धुतल्यावर, लाईनचं काम झाल्यावर की आपोआप? याचं उत्तर पुढे लागणार आहे.

दोन: गेज खरं बोलतंय का? वर्षानुवर्षं त्याच जागी थरथरणारे गेज अडकतात. गेजखालचा छोटा कॉक बंद करून गेज काढा, काटा शून्यावर येतो का बघा. शून्यावर येत नसेल तर ते फेकून नवीन लावा, दुरुस्त करत बसू नका. गेज निवडताना तुमचं वरचं प्रेशर जेवढं, त्याच्या दुप्पट रेंजचं घ्या, आमच्याकडे ० ते १० बारचं आहे. ० ते २५ चं लावलं तर १.६ आणि २ मधला फरक डोळ्यांना दिसतच नाही. पीआरव्हीच्या आधी एक आणि नंतर एक, दोन्ही गेज पाहिजेतच.

तीन: बायपास. माझ्या अनुभवात सर्वात जास्त वेळा गुन्हेगार हाच. पीआरव्हीला वळसा घालून एक लाईन असते, दुरुस्तीच्या वेळी पाणी चालू ठेवायला, तिच्यावर एक व्हॉल्व्ह असतो आणि तो कायम बंद असायला हवा. हँडल बंद दिसतंय म्हणजे बंद आहे असं समजू नका, जुना गेट व्हॉल्व्ह आतून पास होतो. तपासायची पद्धत अशी: पीआरव्हीच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, बायपास बंदच आहे, आता खालच्या सर्वात खालच्या मजल्यावर एक नळ उघडा. लाईनमधलं साठलेलं पाणी येईल, धार बारीक होत जाईल आणि थांबेल. वरच्या सातव्या मजल्यावरचा एक नळही उघडा म्हणजे हवा आत जाईल आणि लाईन लवकर रिकामी होईल. पंधरा-वीस मिनिटांनीही खाली धार चालूच असेल तर पाणी बायपासमधून किंवा दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने येतंय. अर्थात रहिवाशांना आधी सांगून ठेवा, आणि गिझर बंद करायला सांगा.

दुसरी वाट म्हणजे काय? दोन फ्लॅट जोडून केलेलं दोन मजली घर, ज्याचा वरचा मजला वरच्या भागात आणि खालचा खालच्या भागात येतो. आतल्या जिन्याजवळच्या बाथरूममध्ये कोणीतरी गरम पाणी वरच्या लाईनवरून आणि थंड खालच्या लाईनवरून मिक्सरला दिलेलं असतं, मग मिक्सरमधूनच वरचं प्रेशर खालच्या भागात उतरतं. हे सापडायला फार वेळ लागतो, म्हणून बायपास बदलूनही धार थांबत नसेल तर सातव्या-आठव्या मजल्यावर कोणी आत तोडफोड केली आहे का ते विचारा.

चार: पीआरव्ही स्वतः पास होतोय का? पीआरव्हीच्या पुढचा व्हॉल्व्ह बंद करा, मागचा उघडा ठेवा. नंतरचं गेज या बंद व्हॉल्व्हच्या आतल्या बाजूला, म्हणजे पीआरव्ही आणि त्याच्यामध्ये असायला हवं, तसं नसेल तर आधी ते तिथे बसवून घ्या. आता त्या दोघांमध्ये हातभर पाईप उरलाय आणि त्यात पाणी यायला पीआरव्ही सोडून दुसरी वाट नाही, बायपाससुद्धा पलीकडे जाऊन मिळतो. काट्याकडे बघत दहा मिनिटं थांबा. बंद केल्यावर काटा जरासा वर जाऊन थांबला, समजा १.६ चा १.७ झाला, तर ठीक, तेवढं होतं. पण तो न थांबता चढत चढत ४.८ कडे गेला तर सीट पास होतंय. हातभर पाईप भरायला पाणी लागतं किती, त्यामुळे जे बघायला मला रात्र जागवावी लागली होती ते इथे दिवसा दहा मिनिटांत दिसतं. ही टेस्ट मला आधी माहीत असती तर त्या फ्लॅटची तिसरी होज वाचली असती.

काटा जागेवर थांबला आणि तरी रात्री प्रेशर चढतंय, तर पीआरव्ही निर्दोष आहे, परत पायरी तीनवर जा.

पाच: जाळी साफ करा. पीआरव्हीच्या आधी वाय आकाराचा स्ट्रेनर असतो, किंवा व्हॉल्व्हच्या पोटातच जाळी असते. दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करा, मधलं प्रेशर सोडा, टोपण खोला, जाळी ब्रशने धुवा, फाटली असेल तर बदला. जाळी तुंबली की वरच्या मजल्याला पाणी कमी पडतं, फाटली की कचरा थेट सीटवर जातो, म्हणजे दोन्ही तक्रारींचं मूळ एकाच ठिकाणी.

आणि आता ती साखळी सांगतो जिच्यामुळे हा दोष परत परत येतो. टाकी धुतात, लाईन रिकामी होते, परत पाणी सोडल्यावर पहिल्या झोतात गंज आणि गाळ खाली येतो आणि जाळी तुंबते. सातव्या मजल्यावरून फोन येतो, पाणी नाही. कोणीतरी घाईत पीआरव्हीचा स्क्रू चार फेरे आवळतो, तरी पाणी येत नाही, म्हणून "थोडा वेळ" बायपास उघडतो, पाणी जोरात येतं, सगळे खूश, आणि तो बायपास तसाच राहतो. आठवड्याने दुसऱ्या मजल्याची होज फुटते. आमच्याकडे तिन्ही वेळा असंच झालं होतं, तारखा जुळवून बघितल्या तेव्हा तिन्ही फुटी टाकी धुतल्यानंतरच्या पंधरा दिवसांतल्या निघाल्या. म्हणून टाकी धुतल्यावर पीआरव्हीच्या आधीचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा, रायझरच्या तळाच्या ड्रेनमधून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडून द्यायचं, आणि मग पीआरव्ही चालू करून लगेच जाळी बघायची. बायपासच्या हँडलला आम्ही साखळी-कुलूप लावलंय, किल्ली एकाकडेच.

सहा: सेटिंग. वरचं सगळं ठीक असेल तरच स्क्रूला हात लावा. पास होणाऱ्या व्हॉल्व्हचा स्क्रू कितीही ढिला केला तरी रात्रीचं प्रेशर कमी होत नाही, उलट दिवसा वरचे मजले कोरडे पडतात.

आकडा कसा ठरवायचा? भागातल्या सर्वात वरच्या फ्लॅटला किमान किती पाहिजे आणि सर्वात खालच्याला जास्तीत जास्त किती चालेल, या दोन टोकांमध्ये. आमच्याकडे पीआरव्ही सातव्या मजल्यावरच असल्याने सातव्याला गेजवरचंच प्रेशर मिळतं आणि तळमजला २१ मीटर खाली, म्हणजे त्याला गेजपेक्षा २.१ बार जास्त. १.६ ठेवलं तर वर १.६, तळाला ३.७. भरपूर नळ उघडल्यावर प्रेशर थोडं पडतंच, तीन-चार दशांश धरा, तरी सातव्याला १.२ उरतं, शॉवर चालतो. बऱ्याच व्हॉल्व्हवर कारखान्यातून ३ बारचं सेटिंग येतं, ते न बघता तसंच बसवलं तर आमच्या तळमजल्याला ५.१ गेलं असतं. पीआरव्ही त्या भागाच्या तळाला असेल तर हिशेब उलटा होतो, गेजमधून वरची उंची वजा करायची.

अजून कमी, समजा १ बार का नाही ठेवलं? कारण ४.८ चं १.६ म्हणजे आधीच तिसरा हिस्सा झाला. साध्या स्प्रिंगवाल्या व्हॉल्व्हकडून एका टप्प्यात याहून जास्त उतरवून घेतलं की तो शिट्टी मारतो, आतून खरखर आवाज येतो आणि सीट झिजतं. त्यापेक्षा जास्त उतरवायचं असेल तर एकामागे एक दोन व्हॉल्व्ह लावावे लागतात.

आता प्रत्यक्ष. स्क्रूचा लॉकनट सोडा. बहुतेक व्हॉल्व्हवर स्क्रू घड्याळाच्या दिशेने आवळला की प्रेशर वाढतं, तरी बॉडीवरचा बाण बघून घ्या. आधी स्क्रू पूर्ण ढिला करा आणि खालच्या मजल्यावरचा एक नळ उघडून साठलेलं प्रेशर जाऊ द्या, हे न करता नुसता स्क्रू ढिला केला तर काटा हलत नाही आणि माणूस उगाच फिरवत राहतो, कारण बंद लाईनमधलं पाणी जाणार कुठे? मग तो नळ बंद करून स्क्रू अर्धा फेरा आवळा, एक मिनिट थांबा, गेज बघा. असं अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने वर या, नेहमी खालून वर. १.६ ला पोचलात की नळ उघडा, काटा किती पडतो ते लिहा, नळ बंद करा, काटा परत १.६ वर येऊन थांबतो का बघा. दोन-तीनदा करा. पुढे गेलात, समजा १.९ झालं, तर परत ढिला करून नळ उघडून पुन्हा खालून वर या. सेटिंग नेहमी पाणी थांबलेलं असताना वाचायचं, वाहत असताना १.६ जुळवलंत तर थांबल्यावर दोनच्या घरात गेलेलं असेल. शेवटी लॉकनट आवळा, आवळताना स्क्रू फिरतो म्हणून गेज परत बघा, आणि स्क्रू व नटवर मिळून रंगाची एक रेघ ओढा, पुढच्या वेळी कोणी हात लावला की लगेच कळतं.

त्याच रात्री तळमजल्यावरच्या वॉशिंग मशीनच्या नळाला एक गेज जोडून ठेवा, कमाल प्रेशरवर थांबणारा लाल काटा असलेलं मिळालं तर उत्तम. सकाळी ३.७ च्या आसपास असलं की काम झालं.

सात: व्हॉल्व्ह उघडणं. चौथ्या पायरीत पास होताना सापडला असेल तर सीट आणि डिस्क बघावी लागते. दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद, प्रेशर शून्य, आणि स्क्रू पूर्ण ढिला केल्याशिवाय वरचं टोपण खोलू नका, आत दाबलेली स्प्रिंग असते, तोंडावर येते. डिस्कच्या रबरावर कण रुतलेला असेल तर काढून पुसा, रबराला खाच पडली असेल तर डिस्क बदला. सीटच्या कडेवरून नख फिरवून बघा, नख अडकलं तर तिथे पाण्याच्या बारीक धारेने धातू कापला गेलाय आणि नुसतं रबर बदलून थोडेच दिवस निघतील. टोपणाच्या छोट्या भोकातून पाणी गळत असेल तर डायाफ्राम फाटलाय. त्या भोकाला एमसील लावून बुजवू नका, ते भोक हीच खूण सांगायला ठेवलेलं असतं.

सीट वारंवार, म्हणजे वर्षभरात दोनदा वगैरे कापलं जात असेल तर व्हॉल्व्ह बहुधा गरजेपेक्षा मोठा आहे. मोठा व्हॉल्व्ह कमी वापराच्या वेळी केसाएवढाच उघडतो आणि तिथेच फडफडत राहतो. यावर मोठ्याच्या शेजारी एक छोटा पीआरव्ही समांतर लावतात, छोट्याचं सेटिंग थोडं वर, त्यामुळे कमी वापर छोटा सांभाळतो आणि मोठा गर्दीतच उघडतो.

कुठे थांबायचं ते सांगतो. आगीच्या लाईनवरच्या पीआरव्हीला हात लावायचा नाही, तो दिसायला सारखाच असतो पण त्याचा आकडा होज आणि नोझलच्या हिशेबाने ठरतो, ते काम फायर सिस्टीमवाल्याचंच. वर बारीक नळ्या आणि छोटा दुसरा व्हॉल्व्ह बसवलेला मोठा पायलटवाला पीआरव्ही असेल तर जाळी साफ करण्यापलीकडे जाऊ नका. आधीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल तर टोपण खोलायचा विचारही सोडा, ४.८ बारचं पाणी शाफ्टमध्ये सुटलं तर खाली लिफ्टच्या खड्ड्यापर्यंत जातं. बॉडीला तडा असेल, एका टप्प्यात तीनपटीहून जास्त उतरवायचं असेल, किंवा समांतर व्हॉल्व्हचा साईज काढायचा असेल तर बिल्डिंगच्या पाण्याचं डिझाइन करणाऱ्या इंजिनियरला बोलवा. आणि बोलावताना चौथ्या पायरीचे आकडे लिहून द्या: आधी किती, बंद केल्यावर किती, दहा मिनिटांनी किती. नाहीतर तोही सकाळी अकराला येईल आणि १.६ बघून परत जाईल.